उसन्या शेअर्सचा सौदा

24 ऑक्टोबर 2008, शुक्रवार. जर्मनीच्या फोक्सवॅगनचा शेअर सुमारे 210 युरोंवर बंद झाला. हा भाव टिकणार नाही असं मानून अनेक हेज फंडांनी शॉर्ट सेलिंग केलं होतं, म्हणजे जवळ नसलेले शेअर विकले होते.

विकलेला शेअर घेणाऱ्याच्या खात्यात पोचवावाच लागतो. म्हणून तो आधी ब्रोकरमार्फत एखाद्या मोठ्या गुंतवणूकदाराकडून उसना घेतात. त्याचं व्याजासारखं शुल्क द्यावं लागतं, मधल्या काळात लाभांश जाहीर झाला तर तेवढी रक्कमही मूळ मालकाला द्यावी लागते. पुढे भाव पडला की बाजारातून स्वस्तात शेअर घेऊन परत करायचे. फरक तो नफा.

समजा, एकाने 210 युरोंना 100 शेअर असे विकले. आलेले 21,000 युरो ब्रोकरकडेच तारण राहतात. शिवाय 50 टक्के मार्जिन, म्हणजे स्वतःचे 10,500 युरो भरावे लागतात. एकूण 31,500 जमा. देणं मात्र पैशांचं नाही, 100 शेअर्सचं आहे. भाव चढेल तसं ते वाढतं. देण्याच्या किमतीपेक्षा जमा रक्कम 30 टक्क्यांनी जास्त असलीच पाहिजे अशी ब्रोकरची अट असेल, तर भाव 243 युरोंवर जाताच ती मोडते आणि मार्जिन कॉल येतो. पैसे भरले नाहीत, तर ब्रोकर स्वतःच शेअर विकत घेऊन सौदा मिटवतो, मिळेल त्या भावाने.

रविवारी पोर्शने जाहीर केलं की फोक्सवॅगनचे 42.6 टक्के शेअर आपल्याकडे आहेत आणि आणखी 31.5 टक्क्यांवर ऑप्शनद्वारे आपला हक्क आहे. लोअर सॅक्सनी राज्याकडे सुमारे 20 टक्के होतेच. म्हणजे बाजारात मोकळे उरले जेमतेम 6 टक्के, आणि उसने घेऊन विकलेले होते 12 टक्क्यांहून अधिक. सगळ्यांना एकदमच खरेदी करणं भाग पडलं. प्रत्येक खरेदीने भाव चढला, चढत्या भावाने आणखी मार्जिन कॉल आले, त्यातून पुन्हा खरेदी. मंगळवारी भाव काही काळ 1,000 युरोंच्या पुढे गेला.

आपल्या उदाहरणातले 100 शेअर तेव्हा परत घ्यायला एक लाख युरो लागले असते. तोटा 79,000 युरो, भरलेल्या मार्जिनच्या साडेसात पट. कंपनी पार बुडाली असती, तरी जास्तीत जास्त नफा 21,000 युरोच होता. शेअर घेऊन ठेवणाऱ्याचं नुकसान भाव शून्यावर आला की थांबतं. वर चढणाऱ्या भावाला असा शेवट नाही, म्हणून शॉर्ट करणाऱ्याच्या तोट्यालाही नाही.

स्टॉपलॉस लावूनही इथे भागलं नसतं. सोमवारी बाजार उघडला तोच बराच वर. मधल्या भावांना सौदा झालाच नाही. म्हणून शॉर्ट करण्याआधी भाव महाग आहे का, एवढंच पाहून चालत नाही. परत घ्यायची वेळ आली तर बाजारात मोकळे शेअर किती आहेत आणि ते मागणारे आपल्यासारखे किती असतील, हे आधी पाहावं लागतं.