महारेराच्या पानावरची तारीख आणि करारातली तारीख

महाराष्ट्रात 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा नवा गृहप्रकल्प महारेराकडे नोंदवल्याशिवाय बिल्डरला त्याची जाहिरातही करता येत नाही. नोंदणी झाली की प्रकल्पाला क्रमांक मिळतो. हा क्रमांक किंवा जाहिरातीवरचा क्यूआर कोड वापरून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान उघडता येते. तिथली माहिती बिल्डरने स्वतः भरलेली असते. प्रकल्पाच्या दर्जाची हमी महारेरा देत नाही, नोंदणीचा तसा अर्थही नाही. पण बिल्डरने काय लिहून दिले आहे, ते या पानावर ताडून पाहता येते.

सुरुवात क्षेत्रफळापासून करावी. कायद्यातल्या व्याख्येनुसार कार्पेट एरियात घराच्या आतल्या भिंतींची जागा धरतात. बाहेरच्या भिंती, पाण्याच्या नळांसारख्या सेवांचे शाफ्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची मात्र त्यात येत नाहीत. पानावर इमारतनिहाय सदनिकांचे प्रकार आणि त्यांचे कार्पेट क्षेत्र चौरस मीटरमध्ये दिलेले असते. समजा, विक्री कार्यालयात ‘साडेसहाशे फुटांचा टू बीएचके, 65 लाख’ असे सांगितले आणि पानावर त्या प्रकाराचे कार्पेट 41.80 चौरस मीटर निघाले. 10.764 ने गुणले की ते सुमारे 450 चौरस फूट होते. म्हणजे दहा हजार रुपये फूट वाटणारा भाव प्रत्यक्षात साडेचौदा हजारांच्या घरात जातो. उरलेले दोनशे फूट बाल्कनी, बाहेरच्या भिंती, जिना, लॉबी यांचे असतात. तो भाव परवडतो का, हा खरेदीदाराचा प्रश्न. पण दोन प्रकल्पांची तुलना करायची तर ती कार्पेटवरच करावी. करारातही हाच आकडा हवा. महाराष्ट्राच्या नमुना करारात बांधकामानंतर तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो; क्षेत्र त्याहून कमी भरले तर जादा घेतलेली रक्कम व्याजासह परत करावी लागते.

सर्वांत जास्त घोळ तारखेत होतो. पानावर प्रकल्प पूर्ण होण्याची प्रस्तावित तारीख असते आणि मुदतवाढ घेतली असेल तर सुधारित तारीखही दिसते. दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की आधीच किती उशीर झाला आहे ते कळते. पुढचा मुद्दा अनेकांच्या नजरेतून निसटतो. उशिराबद्दल व्याज मागण्याचा हक्क कायद्याच्या कलम 18 मधून येतो आणि हे कलम विक्री करारात लिहिलेली ताब्याची तारीख धरते. बिल्डरने महारेराकडून मुदतवाढ मिळवली, तरी आधी झालेल्या करारातली तारीख आपोआप पुढे सरकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2017 च्या नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. उलट करारातच पानापेक्षा वर्षभर पुढची तारीख घातली असेल, तर हक्कही वर्षभराने उशिरा सुरू होतो. म्हणून बुकिंगची रक्कम देण्यापूर्वीच कराराचा मसुदा मागावा. तो महारेराच्या पानावरही जोडलेला असतो. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. तेव्हा ‘आधी वीस टक्के भरा, करार नंतर करू’ असे कोणी म्हणाले, तर तिथेच थांबलेले बरे.

तारखेवर किती विश्वास ठेवायचा, हे त्याच पानावरच्या तिमाही माहितीवरून उमगते. इमारतीचे किती काम झाले, किती सदनिका विकल्या गेल्या, हे बिल्डरने दर तीन महिन्यांनी भरायचे असते. ताबा आठ महिन्यांवर आला आणि नोंदीत स्लॅबचेच काम चालू दिसत असेल, तर ती तारीख पाळली जाण्याची शक्यता कमीच. तिमाही माहिती भरलीच नसेल, तर तीही दखल घेण्याजोगी बाब आहे. जमिनीवरचे कर्ज, न्यायालयीन वाद आणि प्रकल्पाविरुद्धच्या तक्रारीही तपासून घ्याव्यात.

ताबा लांबला तर खरेदीदारापुढे दोन वाटा असतात. प्रकल्पातून बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेता येते. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा दोन टक्के जास्त असतो. तो 11 टक्के निघाला आणि 50 लाख भरलेले असतील, तर महिन्याला सुमारे 45,800 रुपये होतात. तक्रार ऑनलाइन, पाच हजार रुपये शुल्क भरून करता येते. सोबत नोंदवलेला करार, भरलेल्या पैशांच्या पावत्या आणि बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार जोडावा. दोघांचीही तयारी असेल तर प्रकरण सलोखा मंचाकडे जाऊ शकते. आदेश मान्य नसेल तर 60 दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. मात्र आदेश हाती आला म्हणजे पैसे खात्यात जमा झाले असे नव्हे. बिल्डरने पैसे दिले नाहीत, तर महारेरा वसुली वॉरंट काढते आणि जिल्हाधिकारी कार्यालय जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करते. त्याला बराच काळ लागू शकतो, आणि बिल्डरकडे विकण्याजोगी मालमत्ताच उरली नसेल तर वसुली तिथेच अडते.