फोटोतली बाटली खरी की लेबल खरे?

घरात बाळंतीण असली की दशमूलारिष्ट येतेच. पूर्वी ते ओळखीच्या औषधवाल्याकडून किंवा वैद्यांकडून यायचे. आता ते व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या फोटोतून, ऑनलाइन दुकानातून किंवा प्रदर्शनातल्या स्टॉलवरून येते, तेही छापील किमतीपेक्षा बऱ्याच स्वस्तात. फोटोत नामांकित कंपनीचे लेबल दिसते, मागच्या बाजूला परवाना क्रमांक दिसतो आणि घेणारा निश्चिंत होतो. ‘लायसन्स नंबर आहे ना, मग माल खरा.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे.

नकली माल बनवणारा लेबल मनाने लिहीत नाही. तो दुकानातून एक खरी बाटली आणतो, तिचे लेबल स्कॅन करतो आणि हजारोंच्या संख्येने छापून घेतो. त्यामुळे नकली बाटलीवरचा परवाना क्रमांक बहुधा खराच असतो. पत्ता खरा, घटकद्रव्यांची यादी खरी, ग्रंथाचा संदर्भही खरा. त्या नावाचा परवानाधारक उत्पादक आहे, एवढेच त्या क्रमांकावरून कळते. हातातली बाटली त्याच्या कारखान्यातून निघाली का, हे कळत नाही.

शिवाय आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, पण विकायला लागत नाही. ॲलोपॅथीच्या मेडिकल दुकानाला विक्रीचा परवाना असतो, फार्मासिस्ट असतो, खरेदीच्या नोंदी असतात. अरिष्टे, चूर्णे आणि तेले मात्र किराणा दुकानदारही विकू शकतो. म्हणजे बाटली कोणाच्या हातून कोणाकडे गेली हे शोधायला लेबलाखेरीज फारसे काही उरत नाही. आपली सगळी भिस्त त्या कागदावर आहे, म्हणून तो वाचता आला पाहिजे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा. त्याखालच्या नियमांनुसार आयुर्वेदिक औषधाच्या लेबलावर औषधाचे नाव, घटक, निव्वळ प्रमाण, उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत आणि ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द असावे लागतात. परवाना राज्य सरकार देते, त्यामुळे क्रमांकाची ठेवण राज्यागणिक वेगळी असते. गुजरातेतल्या अनेक लेबलांवर तो GA/ ने सुरू होतो, उत्तराखंडातल्या लेबलांवर UK.AY- ने. परवाना कारखान्याच्या जागेला मिळतो, हे इथे लक्षात ठेवावे. ‘विपणन’ अहमदाबादचे आणि ‘उत्पादन’ हरिद्वारचे असेल, तर क्रमांक हरिद्वारचा असला पाहिजे. कारखाना हरिद्वारचा आणि क्रमांक GA/ ने सुरू होणारा दिसला, तर दोन वेगवेगळ्या लेबलांची जुळवाजुळव झाल्याची शंका घ्यावी. परवान्याच्या जागी फक्त चौदा अंकी क्रमांक असेल, तर तो अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा म्हणजे खाद्यपदार्थाचा परवाना आहे. दशमूलारिष्ट खाद्यपदार्थ म्हणून विकले जात असेल तर बाटली खाली ठेवलेली बरी.

आता खरी मेख, बॅच नंबर. लेबलाचे रोल कारखान्यात आधीच छापून येतात. बॅच, उत्पादन महिना, मुदत आणि किंमत यांच्यापुढची जागा कोरी असते. माल भरला की त्या जागेवर, बाटलीच्या खांद्यावर किंवा तळाशी यंत्राने ठसा उमटवला जातो. बहुतेक वेळा तो बारीक ठिपक्यांच्या अक्षरांत असतो, जरा तिरका, कधी चौकटीबाहेर सरकलेला. हा सरकलेपणा चांगलाच. त्याउलट लेबल स्कॅन करून छापले की बॅच नंबरही त्याच शाईत, त्याच तुकतुकीत छपाईत येतो. फोटो मोठा करून पाहिला तर ठिपके दिसतात, पण ते लेबलाच्या कागदात मुरलेले, वरून उमटलेले नव्हे. बाटली उजेडात तिरकी धरून काढलेल्या फोटोत हा फरक लगेच कळतो. छोटे उत्पादक रबरी शिक्काही वापरतात, तेव्हा ठिपके नाहीत म्हणून लगेच नकली ठरवू नये.

स्कॅन केलेल्या लेबलाची दुसरी खूण अधिक भरवशाची आहे. एका बॅचची उत्पादन तारीख एकच असते. समजा, ऑनलाइन दुकानात ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंपैकी एकात बॅच ११७ आणि उत्पादन मार्च २०२४ दिसते, दुसऱ्यात बॅच ११७ आणि उत्पादन नोव्हेंबर २०२४. दोन्हींतली निदान एक खोटी आहे. नकली माल बनवणाऱ्याने जुना बॅच नंबर तसाच ठेवून माल ताजा दिसावा म्हणून तारीख तेवढी बदललेली असते. खोका आणि बाटली यांवरचे बॅच नंबरही जुळवून पाहावेत. मग मुदत मोजावी. चूर्णाला नियमाने जास्तीत जास्त दोन वर्षे मिळतात. चूर्णावर पाच वर्षांची मुदत छापलेली असेल, तर लेबल लिहिणाऱ्याला नियमच ठाऊक नाही.

पण विक्रेत्याच्या फोटोत तारीख सहसा नसतेच. वजन-मापाच्या नियमांनी ऑनलाइन विक्रेत्याला वेष्टनावरचा बहुतेक मजकूर दाखवायला लावला आहे, उत्पादनाचा महिना व वर्ष मात्र त्यातून वगळले आहे. तेव्हा तारीख दिसत नाही म्हणून विक्रेत्यावर संशय घेण्यात अर्थ नाही. फोटो आपणच मागवावेत: लेबलाची मागची बाजू, ठशाची जागा आणि झाकण. जो विक्रेता पुन्हा पुन्हा कंपनीच्या जाहिरातीतलेच चित्र पाठवतो, त्याच्याकडून घेऊ नये.

झाकणाच्या बाबतीत फोटोची मर्यादा ओळखावी. धातूच्या झाकणाखालची कडी बारीक दुव्यांनी जोडलेली असते, पहिल्यांदा उघडताना ती तुटून बाटलीच्या गळ्यात राहते. फोटोत दुवे अखंड दिसले पाहिजेत. कडी आधीच सुटी असेल किंवा तिच्यावर नवे प्लॅस्टिकचे आवरण चढवलेले असेल, तर रिकामी खरी बाटली पुन्हा भरली असण्याची शक्यता असते. अशा बाटलीचे लेबल, ठसा, बॅच सगळे अस्सलच असते, फसवणूक फक्त आतल्या द्रवात असते. तोंडावरचे चंदेरी आवरण नीट चिकटलेले आहे का, हे तर हातात घेऊन उघडल्यावरच कळते.

यानंतरची पायरी एकच आणि ती चुकवू नये. उत्पादकाला फोन करून बॅच नंबर, उत्पादन महिना आणि बाटलीचे माप सांगा व विचारा, ‘ही बॅच तुमची आहे का?’ हा फोन नंबर संशयित बाटलीवरून घेऊ नका, तोही छापणाऱ्याने स्वतःचा टाकलेला असू शकतो. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. केंद्रीय आयुष मंत्रालयाचे ई-औषधी पोर्टल २०१९ मध्ये सुरू झाले आहे, परवान्याचा शोध तिथून सुरू करता येतो. आणि ‘आयुष मंत्रालयाने मान्य केलेले’ अशी ओळ लेबलावर दिसली तर तिला महत्त्व देऊ नका. मंत्रालय कोणत्याही कंपनीला वा तिच्या औषधाला अशी मान्यता देत नाही, हे त्याने स्वतःच जाहीर केले आहे.

बॅच आपली नाही, असे उत्पादकाने सांगितले तर बाटली विक्रेत्याला परत देऊ नका. ती पुन्हा दुसऱ्या कोणाला विकली जाईल. ती खोक्यासकट, न उघडता, बिल आणि फोटोंसह ठेवा. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करा. नमुना तपासायला न्यायचा असला तर तो औषध निरीक्षकालाच न्यावा लागतो आणि त्यासाठी बाटली हाताशी हवी. घरातल्या संपलेल्या बाटल्या भंगारात देण्यापूर्वी लेबल फाडून टाका. त्याच बाटल्या भरून पुन्हा बाजारात येतात.