तीन इंच कुठे गेले?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घर बांधायला काढलं की आर्किटेक्टकडून नकाशांची एक गुंडाळी घरी येते. त्यातला खोल्यांचा आराखडा सगळं घर मिळून पाहतं. देवघर कुठे, पलंग कुठे, यावर चर्चा झडतात. पण त्याच गुंडाळीत आणखी दोन प्रकारची शीट्स असतात, ती सहसा कोणी उलगडत नाही. एक असतं एलिव्हेशनचं, म्हणजे बाहेरून घर समोरासमोर पाहिलं तर कसं दिसेल त्याचं. दुसरं असतं भिंतीच्या छेदाचं. केक सुरीने वरून खालपर्यंत कापावा आणि आतले थर दिसावेत, तशी एक भिंत पायापासून गच्चीच्या कठड्यापर्यंत कापून दाखवलेली असते. आज मी या दोन शीट्सबद्दल बोलणार आहे, कारण माझ्या हातून एकदा चूक झाली ती याच कागदांवर.

पूर्वी ड्रॉइंग बोर्डावर आम्ही ही चित्रं वेगवेगळी काढत असू. आराखड्यात खिडकी सरकवली की एलिव्हेशनमध्येही आठवणीने सरकवायची, छेदातही सरकवायची. एखादीकडे विसर पडायचाच. आता रेव्हिटसारख्या प्रोग्रॅममध्ये आम्ही चित्रं काढत नाही, कॉम्प्युटरवर सबंध घरच उभं करतो. भिंत विटेची, २३० मिलिमीटर जाडीची, बाहेरून २० आणि आतून १२ मिलिमीटर गिलावा, अशी तिच्या थरांसकट सांगायची. त्या भिंतीत खिडकी बसवायची. मग त्या घरावर एक रेघ मारली की प्रोग्रॅम तिथे घर कापून छेद दाखवतो. खिडकी सरकली की छेदातही आपोआप सरकते.

यावरून शीटही आपोआप तयार होतं असा समज होतो. तसं होत नाही. मशीन देतं ती नुसती कापलेली आकृती. ती कुठे कापायची इथपासून आपलं काम सुरू होतं. कोऱ्या भिंतीतून कापलं तर विटांपलीकडे काही दिसत नाही. खिडकीतून कापलं तर एकाच चित्रात जोतं, खिडकीचा खालचा कठडा म्हणजे सिल, वरचं लिंटेल, छज्जा, स्लॅब असं सगळं येतं. प्रमाणही ठरवावं लागतं. एलिव्हेशनला १:१०० चालतं, पण त्या प्रमाणात २० मिलिमीटरचा गिलावा कागदावर फक्त ०.२ मिलिमीटर होतो, म्हणजे पेन्सिलीची एक रेघ. १:२० ला तोच गिलावा पूर्ण एक मिलिमीटर दिसतो. म्हणून भिंतीचा छेद १:२० ला काढतात. दोन मजली घराची भिंत पायासकट नऊएक मीटर धरली, तर ती या प्रमाणात ४५० मिलिमीटर होते आणि ए-२ आकाराच्या उभ्या कागदावर नीट बसते.

त्यावर मग तीन प्रकारचं लेखन येतं. पहिलं मापं. दुसरं टॅग, म्हणजे खिडकीजवळची ती छोटी चौकट, जिच्यात खिडकीचा क्रमांक आणि सिलची उंची असते. आणि तिसरं टिपा. टिपांमध्ये मॉडेलला जे ठाऊक नसतं ते लिहायचं. छज्जाच्या खालच्या कडेला पाण्याची धार तोडणारी खाच ठेवा, सिलच्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार द्या, बीम आणि विटांचा सांधा येतो तिथे गिलाव्याआधी जाळी मारा, अशा गोष्टी. या खाचेइतकी क्षुल्लक दिसणारी दुसरी गोष्ट नसेल, आणि ती राहिली की पहिल्या पावसात छज्जाखालून पाणी भिंतीवर ओघळतं.

टॅग आणि टीप यांतला एक फरक लक्षात घ्या. टीप मी हाताने लिहिते. 'विटेची भिंत' असं लिहिलं आणि पुढे विटेऐवजी ब्लॉक वापरायचं ठरलं, तर भिंत बदलेल पण माझी टीप 'विट'च म्हणत राहील. टॅगचं तसं नाही. टॅग खिडकीला विचारतो आणि खिडकी सांगेल ते छापतो. मापंही तशीच. रेव्हिटमध्ये मापाचा आकडा खोडून त्याजागी दुसरा आकडा लिहायला गेलं, तर प्रोग्रॅम सरळ नकार देतो. शब्द लिहा म्हणतो, आकडा नाही. त्यामुळे आम्ही काहीसे निर्धास्त होतो. टॅग खोटं बोलत नाही, माप खोटं बोलत नाही, मग चूक होणार कुठून?

आता ती गोष्ट सांगते. साताऱ्याजवळ एका निवृत्त शिक्षिकेचं घर आमच्याकडे होतं. त्यांना सगळं गाव बाई म्हणायचं, आम्हीही बाईच म्हणायचो. स्वयंपाकघरातला ओटा ८५० मिलिमीटर उंचीचा आणि त्याच्यावर २०० मिलिमीटर सोडून खिडकी, असं ठरलं होतं. ओटा आणि खिडकी यांच्यामधल्या पट्टीत नळ बसणार होता. म्हणजे खिडकीचं सिल १०५० वर, साडेतीन फुटांना थोडं कमी. सगळ्या दारांचं आणि खिडक्यांचं लिंटेल २१०० वर.

ऑफिसात तेव्हा नुकतीच आलेली एक मुलगी छेदाचं शीट तयार करत होती. फरशीच्या वरच्या पृष्ठभागापासून सिलपर्यंत तिने माप घातलं, तर आकडा आला ९७५. शेजारच्या एलिव्हेशनवर टॅग मात्र १०५० सांगत होता. तिला वाटलं, आपलं माप घालायला चुकलं. तिने मापाचं खालचं टोक फरशीवरून काढून तळमजल्याच्या पातळीच्या रेघेवर ठेवलं. आकडा १०५० झाला. दोन्ही चित्रं जुळली. मी शीटवर सही केली.

खरं तर शीटने आम्हाला चूक दाखवली होती आणि आम्ही ती झाकून टाकली. रेव्हिटमध्ये प्रत्येक मजल्याला एक पातळी असते, `Level` नावाची. खिडकीची `Sill Height` ही त्या पातळीपासून मोजली जाते. फरशीपासून नाही. आम्ही पातळ्या घेतल्या होत्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशावरून, आणि इंजिनिअरची पातळी असते काँक्रीटच्या माथ्याची, कारण त्याचं काम तिथे संपतं. बाईंना शहाबादी फरशी हवी होती. दगडाची जाडी आणि खालचा मालाचा थर मिळून ७५ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच, काँक्रीटच्या वर येणार होते. टॅग म्हणत होता १०५०, ते काँक्रीटपासून. बाई उभ्या राहणार होत्या फरशीवर, आणि तिथून सिल होतं ९७५. दोन्ही आकडे खरे होते. मोजायला सुरुवात कुठून केली एवढाच फरक होता, आणि तेच शीटवर कुठे लिहिलेलं नव्हतं.

मिस्त्रींनी शीट अगदी तंतोतंत पाळलं. काँक्रीटवर उभं राहून १०५० मोजलं आणि सिल घेतलं. २१०० मोजून लिंटेल ओतलं. त्यावर स्लॅब पडला.

हे लक्षात आलं ते ओट्याचं शीट करताना. स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीचं एलिव्हेशन काढलं, ओटा फरशीवर ठेवला, आणि ओटा ते खिडकी २०० च्या जागी १२५ उरले. आता काही मापाचं टोक सरकवून भागणार नव्हतं. मी त्याच दुपारी साइटवर गेले. वरच्या मजल्याच्या भिंती जेमतेम गुडघ्याएवढ्या आल्या होत्या.

मिस्त्री म्हणाले, "मॅडम, नकाशात जे होतं तेच केलंय." त्यांनी खिशातून घडी घातलेली प्रत काढून दाखवली. त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं.

खालच्या खिडकीचं निभावलं. सुताराने चौकट अजून कापली नव्हती, म्हणून सिलवर विटेचा एक थर वाढवला आणि खिडकी तीन इंचांनी बुटकी केली. दारांना मात्र इलाज नव्हता. लिंटेल फोडणं शहाणपणाचं नव्हतं. दुसरा मार्ग होता फरशी पातळ करण्याचा. शहाबादीऐवजी पातळ टाइल चिकटवली असती तर दोनेक इंच परत मिळाले असते. मी बाईंना दोन्ही बाजू सांगितल्या, चूक आमची आहे हेही सांगितलं. त्या रिकाम्या चौकटीखाली जाऊन उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "मला पायाखाली शहाबादीच हवी. दारं राहू द्या बुटकी." तळमजल्याची दारं तीन इंचांनी कमी आहेत. चौकटीची जाडी वजा जाता सहा फूट पाच इंच मोकळी जागा राहते, तेव्हा डोकं कोणाचं आपटत नाही. पण खालून वर गेलं की वरची दारं उंच वाटतात, आणि मला ते दर वेळी दिसतं.

मॉडेलमध्ये दुरुस्ती करणं त्यामानाने सोपं होतं. वरच्या मजल्याची पातळी ७५ ने उचलून फरशीच्या माथ्यावर आणली. पातळी उचलली की तिच्यावर टेकलेल्या खिडक्या-दारंही तेवढीच वर जातात. टॅगवर आकडा १०५० च राहिला, पण आता तो फरशीपासूनचा झाला. एक गंमत मात्र झाली. पातळीबरोबर भिंतींचे तळही वर उचलले गेले आणि छेदात प्रत्येक भिंत काँक्रीटपासून तीन इंच अधांतरी तरंगताना दिसली. भिंतींना `Base Offset` उणे ७५ देऊन त्या पुन्हा खाली टेकवल्या. ही फट आराखड्यात दिसत नाही, छेदातच दिसते.

शीटवर आम्ही आणखी एक बदल केला, आणि तो तेव्हापासून ऑफिसातल्या प्रत्येक भिंतीच्या छेदावर असतो. पातळीच्या रेघेच्या टोकाशी आता नुसतं 'पहिला मजला' असं न लिहिता 'पहिला मजला, तयार फरशीचा माथा' असं लिहितो. तिच्याखाली दुसरी रेघ, 'काँक्रीटचा माथा', आणि दोन्हींच्या मधे ७५ चं माप. मिस्त्री काम करतात तेव्हा फरशी नसतेच, ते मोजणार काँक्रीटपासूनच. म्हणून सिल आणि लिंटेलची मापं दोन ओळींत देतो. एक ओळ फरशीपासून, दुसरी काँक्रीटपासून. सिल १०५० आणि ११२५, लिंटेल २१०० आणि २१७५. कागदावर थोडी गर्दी होते, होऊ दे.

नवीन शीट घेऊन मी पुन्हा साइटवर गेले, तेव्हा मिस्त्रींनी ते पोत्यावर पसरलं आणि दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मग पाण्याची नळी मागवली, पातळी काढली आणि उभ्या केलेल्या चौकटींवर फरशीच्या वर एक मीटरची खूण करायला घेतली. टेप काँक्रीटवर टेकवून त्यांनी मोजले १०७५, आणि मदतनिसाला ओरडून सांगितलं, "एक हजार पंचाहत्तर लिही रे, हजार नाही!"