दुधाची आंबटाई व दर्शकाची निवड

टिटवाळ्याच्या आसपासचा शेतकरी सकाळचे दूध कल्याणास धाडतो तेव्हा ते आंबू लागले आहे की नाही, हे जिभेला कळण्याआधी सोड्याच्या द्रावणाने मोजता येते. मात्र त्यासाठी दर्शक योग्य हवा. हळदीचा डाग साबणाने तांबडा होतो हे घरोघरी ठाऊक आहे. दर्शकाचे कार्यही तसेच. पण प्रत्येक दर्शकाचा रंग ज्या सामूवर पालटतो तो निराळा असतो.

दर्शक हे स्वतःच एक दुर्बल आम्ल होय. त्याचे अविचरित रूप एका रंगाचे व विचरित रूप दुसऱ्या रंगाचे असते. विचरण-स्थिरांकाचा लघुगणक घेऊन चिन्ह पालटले की जो अंक येतो, त्या सामूवर दोन्ही रूपे समसमान असतात. तेथून सामू एकाने सरकला की एक रूप दुसऱ्याच्या दसपट होते, आणि त्यापुढे अल्प असलेला रंग डोळ्यास सहसा दिसत नाही. म्हणून त्या अंकात एक वजा व एक अधिक केले की रंगपालटाची कक्षा अजमासे मिळते.

फिनॉल्फ्थॅलीनचा स्थिरांक सुमारे दहा अब्जांत चार, म्हणजे ४ भागिले १०चा दहावा घात. चाराचा लघुगणक ०·६; तो दहातून वजा जाता ९·४ उरतात. कक्षा ८·४ ते १०·४ आली. प्रत्यक्षात ती ८·२ ते १० मानतात. कारण याचे आम्लरूप रंगहीन असल्याने गुलाबीची किंचित झाकही डोळा लवकर टिपतो. म्हणूनच दर्शक दर वेळी सारखाच घालावा; अधिक घातल्यास रंग आधी दिसेल.

ताज्या दुधाचा सामू ६·६ च्या सुमारास असतो आणि मोजणी ८·३ च्या जवळपास थांबवावयाची असते. मेथिल ऑरेंजचा अंक ३·५, म्हणून कक्षा ४·५ लाच संपते. ते दुधात पहिल्यापासूनच पिवळे दिसेल व काहीच सांगणार नाही. ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचा अंक ७·१. दूध आरंभीच त्याच्या कक्षेत असल्याने हिरवट रंग हळूहळू निळा होत जातो आणि नेमके कोठे थांबावे ते समजत नाही. फिनॉल्फ्थॅलीन मात्र हव्या ठिकाणीच रंगू लागते.

दहा घन सेंटिमीटर दुधात अर्धा टक्का दर्शकाचे एक घन सेंटिमीटर घालावे, आणि दशांश-प्रसामान्य कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडीत ढवळावे. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबावे. गडद होऊ दिल्यास आकडा फुगतो. सकाळी १·६ घन सेंटिमीटर सोडा लागला असे धरू. प्रत्येकी ०·००९ ग्रॅम लॅक्टिक आम्ल याप्रमाणे दहा घन सेंटिमीटरांत ०·०१४४ ग्रॅम, म्हणजे शंभरांत ०·१४४. ताज्या दुधात हा आकडा केसीन व फॉस्फेट यांचा असतो, आंबण्याचा नव्हे. त्याच दुधास दुपारी २·५ लागले तर वाढलेले ०·९ हेच खरे आंबणे, व असे दूध तापविताना फाटण्याचा संभव असतो. दुधात पाणी मिसळल्यास आकडा उतरतो, त्यामुळे केवळ कमी आकड्यावरून दूध चांगले ठरवू नये.