भिंतीत जातं ते आधी बघा

रत्नागिरीच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवणारे एक काका नुकतेच गल्ल्यावरून उठले. दुकान आता मुलगा बघणार. गावातल्या सुतार, प्लंबर आणि गवंडी मंडळींनी त्यांना निरोप द्यायला छोटासा कार्यक्रम ठेवला होता. नारळ-शाल झाल्यावर सगळ्यांना वाटलं, आता आभार मानून बसतील. त्यांनी मात्र खिशातून कागदाची पुडी काढली, तिच्यातली एक बिजागरी आणि एक तुटका स्क्रू टेबलावर ठेवला, आणि अर्धा तास स्वस्त-महागाबद्दल बोलले. मुद्दा तोच असला तरी त्यात जी माहिती होती ती घर बांधणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या कोणाच्याही उपयोगाची आहे, म्हणून ती इथे मांडतो आहे.

बिजागरी स्टेनलेस स्टीलची, चार इंची, अजून चकचकीत. स्क्रू लोखंडी. त्याचं डोकं शाबूत होतं, पण डोक्याखालची मान खाऊन काडीएवढी उरली होती आणि तिथेच तो तुटला होता. समुद्राकडे तोंड असलेल्या एका घराच्या दारातून हा ऐवज निघाला होता. मालकांनी बिजागऱ्या चांगल्या घेतल्या आणि स्क्रू “साधे चालतील” म्हणाले. “दाराला तीन बिजागऱ्या, एकेकीला आठ स्क्रू, म्हणजे चोवीस,” काका म्हणाले. “चोवीस स्क्रूंत वाचले किती? शंभर रुपयेसुद्धा नाहीत.”

असं का होतं तेही त्यांनी नीट सांगितलं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारट ओल आली, की त्यांच्यात विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो. त्यात जो धातू लवकर गंजणारा असतो तो आणखी लवकर जातो. समुद्रकाठच्या हवेत मीठ असतंच, आणि पावसाळ्यात चार महिने ओलही असते. लोखंड आणि स्टेनलेस एकत्र आले की झीज लोखंडाची होते. त्यातून बिजागरीचं पान मोठं आणि स्क्रू लहान, म्हणजे एवढ्या मोठ्या पत्र्याने सुरू केलेली सगळी झीज त्या एवढ्याशा मानेवर येऊन पडते. उलट केलं, म्हणजे लोखंडी बिजागरीला स्टेनलेसचे स्क्रू लावले, तर तीच झीज मोठ्या पत्र्यावर पसरते आणि नुकसान फार सावकाश होतं. दोन्ही एकाच जातीचे असले तर हा प्रश्नच येत नाही.

इथे एका तरुण सुताराने विचारलं, “काका, पिवळे स्क्रू तर गंजत नाहीत ना?” पिवळा स्क्रू आतून लोखंडीच असतो, वर जस्ताचा पातळ थर असतो. घरातल्या कपाटाला तो उत्तम. पण बसवताना स्क्रूड्रायव्हर किंवा मशीनचं बिट डोक्यात घासतं तिथला थर जातो, आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. काळे जिप्समचे स्क्रू तर बाहेरच्या दाराला लावूच नयेत. त्यांच्यावरचा काळा थर कोरड्या खोलीपुरता आहे. झीज आत चालू आहे हे कळायची खूण साधी आहे. स्क्रूच्या डोक्याखालून चौकटीवर तपकिरी ओघळ उतरतो, आणि काही दिवसांनी दार कुलपाच्या बाजूने खाली जमिनीला घासायला लागतं. त्या टप्प्याला स्क्रू बदलले तर काम तासाभराचं. तुटून गेल्यावर मात्र चौकटीत अडकलेला तुकडा ड्रिलने काढायचा, भोकात लाकडाची खुंटी गोंद लावून ठोकायची, ती सुकल्यावर नवं भोक पाडायचं, आणि एवढा वेळ जड सागवानी दार कोणीतरी धरून उभं राहायचं.

काकांच्या भाषणातलं सगळ्यात मोलाचं सूत्र मला इथेच सापडलं. वस्तूला तीन किमती असतात, ते म्हणाले. घ्यायची, बसवायची आणि बिघडल्यावर काढायची. पहिल्या किमतीवर गिऱ्हाईक पंधरा मिनिटं घासाघीस करतं, दुसरी मिस्त्रीशी ठरवतं आणि तिसरीचा विचारच करत नाही. ही तिसरी जिथे मोठी, तिथे चांगली वस्तू घ्यावी. जिथे काहीच नाही, तिथे स्वस्तातली घेऊन मोकळं व्हावं. सेंटरिंगच्या फळ्यांना ठोकायचे खिळे, एका पावसाळ्यापुरती ताडपत्री, वर्षातून दहा मिनिटं लागणारं ड्रिल मशीन, हे सगळं त्यांनी आयुष्यभर लोकांना स्वस्तातलंच दिलं आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. दुकानदाराने अशा ठिकाणी महाग माल गळ्यात मारणं हीसुद्धा फसवणूकच, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

तिसरी किंमत सगळ्यात मोठी असते ती भिंतीच्या आत. उदाहरण म्हणून त्यांनी नळाचा एल्बो घेतला. हल्ली बहुतेक घरांत सीपीव्हीसीची पाइपलाइन भिंतीत गाडतात. जिथे नळ बाहेर यायचा तिथे एल्बो लागतो आणि त्याच्या आट्यांत नळ फिरवून बसवतात. हा एल्बो दोन प्रकारांत मिळतो. एकाच्या आटे प्लॅस्टिकच्याच असतात, दुसऱ्यात आतून पितळेची आटेदार कडी बसवलेली असते. पितळवाला थोडा महाग, पण अख्ख्या बाथरूमला असे पाच-सहाच लागतात.

प्लॅस्टिकच्या आट्यांत काय होतं? नळाचे आटे धातूचे असतात आणि ते आत जाताना घट्ट होत जातात. गळू नये म्हणून मिस्त्री टेफ्लॉन टेपचे दोन-चार वेढे जास्त मारतो आणि पान्याने आणखी अर्धा फेरा आवळतो. फणसाच्या गऱ्यात सुरीचं टोक घालून तो उकलावा तसा तो धातू एल्बोचं तोंड आतून उकलत असतो. त्याच दिवशी काही होत नाही. टेस्टिंगला पाणी सोडलं तरी थेंब पडत नाही. पण ताण तिथेच राहतो, नळ रोज उघड-बंद होताना हलतो, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी एल्बोला उभी बारीक चीर जाते. पितळेची कडी असली की आवळण्याचा सगळा जोर ती घेते आणि प्लॅस्टिकवर येऊ देत नाही.

चीर गेलेली दिसत नाही, कारण वर टाईल असते. आधी शेजारच्या खोलीतल्या भिंतीवरचा रंग फुगतो. लोक त्याला पावसाची ओल समजतात, वॉटरप्रूफिंग करून घेतात आणि पैसे घालवतात. काकांची परीक्षा अशी: रात्री सगळे नळ बंद करून फ्लशचाही कॉक बंद करावा, मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी बघावा. मीटर नसेल तर वरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करावी. आकडा किंवा पातळी हलली तर पाणी पाइपातून जातंय, आभाळातून नाही. मग भिंत फोडणं आलं. एका गिऱ्हाइकाचं सांगताना त्यांनी हिशेब मांडला. एल्बो मिळाला, प्लंबर मिळाला, पण फोडलेल्या दोन टाईल्सचा तो डिझाइन बंद झालेला. शेवटी ती अख्खी भिंत नव्या टाईल्सनी करावी लागली.

स्टेनलेसबद्दल विचारणारे बरेच होते, कारण रेलिंगवर डाग पडल्याची तक्रार किनाऱ्यावर घरोघरी आहे. बाजारात 202 आणि 304 हे दोन्ही “एस.एस.” म्हणूनच विकले जातात. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून 202 मध्ये ते कमी करून त्याजागी मँगॅनीज घालतात. नवं असताना दोन्ही सारखेच चमकतात. क्रोमियममुळे पृष्ठभागावर न दिसणारा पातळ थर तयार होतो आणि तोच गंज थांबवतो. मीठ त्या थराला ठिकठिकाणी भोकं पाडतं. 202 चा थर लवकर हरतो. लोकांना चुंबकाची सवय आहे, पण या दोन्हींना चुंबक चिकटत नाही, उलट वाकवलेल्या जागी चांगल्या 304 लाही जरासा ओढतो. म्हणून चुंबकाने फक्त लोखंडासारखा माल बाजूला काढता येतो. परीक्षेसाठी बॅटरीला लावायची छोटी बाटली मिळते. तिचा थेंब टाकला आणि तो लाल झाला, तर मँगॅनीज जास्त, म्हणजे 202 च्या घरातला माल.

अगदी लाटांच्या तोंडावर 304 लाही डाग पडतात. तिथे 316 लागतं, ज्यात मॉलिब्डेनम असतं. आणि गंमत म्हणजे जे रेलिंग पावसात उघडं असतं ते जास्त टिकतं, कारण पाऊस मीठ धुऊन नेतो. पागोळीच्या आत, छपराखाली असलेल्या भागावर मीठ साचत राहतं आणि डाग आधी तिथेच येतात. त्यामुळे तिथलं रेलिंग अधूनमधून गोड्या पाण्याने पुसावं, एवढंच.

नळाबद्दल एक छोटी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली आणि ती मला फार आवडली. बाहेरून सगळे नळ सारखेच चकाकतात, म्हणून नळ उलटा करून आटे असलेल्या तोंडातून आत बघावं. तिथे मुलामा पातळ असतो. आतून पिवळा दिसला तर पितळ, राखाडी दिसला तर जस्ताचा ओतीव. नुसत्या वजनावर जाऊ नये, कारण जाड भिंतीचा ओतीव नळही हाताला जड लागतो. आणि ज्या नळाचं आतलं कार्ट्रिज सुटं मिळतं तोच घ्यावा. गढूळ पाण्याची बारीक वाळू आत गेली की कार्ट्रिज आधी खराब होतं. सुटं मिळालं तर नळ वाचतो.

शेवटी एका प्लंबरने खरा प्रश्न विचारला. गिऱ्हाईक ऐकतच नाही, स्वस्तातलाच एल्बो आण म्हणतं, आणि वर्षाने गळला की दोष आमच्यावर. काकांनी त्याला बिलाकडे बोट दाखवलं. बिलावर फक्त “एल्बो 6 नग” किंवा “एस.एस. बिजागरी” असं लिहायचं नाही; प्लॅस्टिक आटे की पितळ आटे, 202 की 304, स्क्रू कोणता, हे लिहायचं आणि ते गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचं. त्यांच्या अनुभवात निम्मी माणसं वाचून दाखवल्यावरच विचारतात, की या दोन्हींत फरक काय. मुलाने आता बिलबुकात ग्रेडसाठी वेगळा रकाना छापून घेतला आहे.