बोट पडेल तिथे बटण

बीजीएमआयमध्ये, म्हणजे ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’त, भिंतीआडून अचानक शत्रू समोर आला की खेळणाऱ्याला एका क्षणात तीन कामं करावी लागतात: नेम वळवायचा, स्कोप उघडायचा आणि गोळी झाडायची. दोन अंगठ्यांनी खेळणाऱ्याची ही तिन्ही कामं उजव्या अंगठ्याच्या वाट्याला येतात, कारण डावा अंगठा चालण्याच्या जॉयस्टिकवर अडकलेला असतो. उजवं फायर बटण दाबून धरून बोट सरकवलं की नेमही वळतो, एवढी सोय खेळात आहे. मात्र त्याच वेळी खाली बसायचं किंवा उडी मारायची असेल, तर अंगठा उचलावाच लागतो आणि तेवढ्यात नेम सुटतो. अशा वेळी हरलेला खेळाडू बहुतेकदा बंदुकीला किंवा नेटला दोष देतो. खरी अडचण मात्र एका बोटावर पडलेल्या कामांची असते.

तीन बोटांनी खेळणं हा त्यावरचा सगळ्यात सोपा उपाय. यात गोळी झाडण्याचं काम डाव्या तर्जनीकडे जातं आणि उजवा अंगठा नेमासाठी मोकळा राहतो. खेळाडू या पकडीला ‘थ्री फिंगर क्लॉ’ म्हणतात, कारण तर्जनी स्क्रीनच्या वरच्या कडेवरून पंज्यासारखी वाकलेली असते.

लेआउट बदलण्याची सोय खेळाच्या सेटिंग्जमध्ये, कंट्रोल्सच्या भागात आहे. ‘कस्टमाइझ’ उघडलं की प्रत्येक बटण बोटाने ओढून हवं तिथे नेता येतं, आणि त्याचा आकार नि पारदर्शकता पट्टी सरकवून बदलता येते. वेगवेगळे लेआउट साठवून ठेवता येतात, म्हणून सवयीच्या लेआउटला हात न लावता नवीन प्रयोग दुसऱ्या जागी केलेला बरा. सामना तोंडावर आला की जुन्यावर परतता येतं.

आता समजा, साडेसहा इंची फोनवर अंगठ्यांनी खेळणारा एक मुलगा तीन बोटांवर येतो आहे. बहुतेक जण इथे थेट डावं फायर बटण उचलून वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवतात. तिथे ते दिसायला नीटनेटकं दिसतं, पण तर्जनी कोपऱ्यात पडत नाही. फोनचं वजन मधल्या बोटावर आणि तळहातावर पेललं जातं, तर्जनी मुडपून पुढे येते आणि तिचं टोक कडेपासून थोडं आत टेकतं. किती आत, हे हाताच्या मापावर आणि फोनच्या कव्हरच्या जाडीवरही ठरतं. म्हणून आधी फोन रोजच्यासारखा धरायचा, स्क्रीनकडे न बघता तर्जनी टेकवायची आणि ती जागा पाहायची. असं आठ-दहा वेळा केलं की खुणांचा एक पुंजका तयार होतो. बटणाचा मध्य त्या पुंजक्याच्या मध्यावर यायला हवा.

हे डोळ्यांनी नीट दिसावं यासाठी अँड्रॉइडमध्ये एक सोय आहे. फोनच्या माहितीत जाऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स खुले होतात. त्यातलं ‘शो टॅप्स’ चालू केलं, की बोट टेकेल तिथे ठिपका उमटतो. ते चालू ठेवून ट्रेनिंग ग्राउंडवर काही मॅगझिन रिकामी करायची आणि स्क्रीन रेकॉर्ड करायची. आपल्या मुलाने रेकॉर्डिंग पाहिलं, तर बहुतेक ठिपके बटणाच्या उजव्या-खालच्या कडेवर पडलेले दिसतात आणि काही तर बटणाबाहेरच. बंदूक मधेच गप्प का होत होती, ते इथे उघड होतं. बटण तितकंच खाली आणि उजवीकडे सरकवायचं, मग पुन्हा रेकॉर्ड करायचं. काम झाल्यावर डेव्हलपर ऑप्शन्स बंद करावेत, कारण ते चालू असतील तर काही बँकांची ॲप्स उघडत नाहीत.

जागा पक्की झाल्यावरच आकाराकडे वळावं. मोठं बटण म्हणजे चुकायला जास्त जागा. तर्जनी वाकलेली असते, तिचं टोक दर वेळी थोडं वेगळीकडे पडतं, म्हणून तिच्याखालचं फायर बटण चांगलं मोठं हवं. वर सहकाऱ्यांची माहिती दिसते, ती झाकली जाऊ नये यासाठी बटण बरंच पारदर्शक केलं तरी चालतं. बोटाला जागा ठाऊक झाली की डोळ्यांना बटणाची गरज उरत नाही.

उजव्या बाजूला हिशोब उलटा होतो. तिथला मोकळा भाग अंगठ्याने नजर वळवण्यासाठी असतो. बोट जिथे पहिल्यांदा टेकतं, त्या जागेवर बटण असेल तर तो स्पर्श बटणाचा धरला जातो. त्यामुळे त्या भागात मोठी बटणं पसरली, की अंगठ्याला सरकायला जागा कमी पडते. याची खूण अगदी स्पष्ट असते: झटकन मागे वळायला जावं आणि आपला खेळाडू भलत्याच वेळी खाली बसावा किंवा आडवा व्हावा. असं वारंवार झालं तर बसण्याचं आणि आडवं होण्याचं बटण लहान करून अंगठ्याच्या नेहमीच्या फेऱ्याबाहेर, पण पोहोचेल इतकं जवळ ठेवायचं. आडवं होण्याचं बटण तुलनेने कमी लागतं, ते आणखी दूर गेलं तरी बिघडत नाही.

काही बिघाड मात्र लेआउटमध्ये नसून फोनमध्येच असतात. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये तीन बोटं खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो. तीन बोटांनी खेळणाऱ्याची तिन्ही बोटं स्क्रीनवरच असतात, त्यामुळे फोन त्यांची हालचाल स्क्रीनशॉटची खूण समजून बसतो. ऐन चकमकीत गोळीबार थांबतो, नेम गोठतो आणि नंतर गॅलरीत अनोळखी स्क्रीनशॉट सापडतात. हा जेस्चर फोनच्या सेटिंग्जमधून बंद करावा. तसंच वरच्या कडेला चिकटून बटण ठेवलं, तर तर्जनी घसरताच नोटिफिकेशनचा पडदा खाली येतो. तेव्हा फोनचा गेम मोड चालू ठेवावा आणि बटण कडेपासून जरा आत घ्यावं.

सरावासाठी एका वेळी एकच बदल करणं सोयीचं. फायर बटण, उडी आणि स्कोप एकदम हलवले, तर नेम कशामुळे चुकतो हे कळायला मार्ग उरत नाही. सुरुवातीला खेळ हमखास खालावतो, अंगठा जुन्या जागी जात राहतो. पण तर्जनीला कळ लागली किंवा मनगट दुखू लागलं, तर ती नवखेपणाची बाब म्हणून सोडून देऊ नये. अशा वेळी बोट फार ताणलं जात असण्याचीच शक्यता जास्त. बटण अंगठ्याच्या बाजूला थोडं ओढून पाहावं.

चौथं बोट, म्हणजे उजवी तर्जनी, यानंतरच आणावं. बहुतेक जण तिला स्कोप उघडण्याचं काम देतात, त्यामुळे उजवा अंगठा नेमावरून अजिबात उचलावा लागत नाही. पण दोन्ही तर्जन्या वर आल्या की फोन जवळजवळ तळहातांवरच तोलावा लागतो, आणि लहान हात व जड फोन असेल तर तो डळमळतो. जायरो वापरणाऱ्यांना हे जास्त जाणवतं, कारण त्यांचा नेम फोन हलवूनच लागतो.

नावाजलेल्या खेळाडूंचे लेआउट कोड मित्रांमध्ये फिरत असतात आणि ते टाकले की त्यांची बटणं आपल्या फोनवर तशीच येतात. टॅब्लेटवर बनवलेला लेआउट लांबट फोनवर आणला तर अंतरं बदलतात. आणि स्क्रीन सारखीच असली, तरी त्या खेळाडूची तर्जनी आपल्यापेक्षा लांब असू शकते. त्या लेआउटमध्ये कोणतं काम कोणत्या बोटाकडे दिलं आहे, ते जरूर पाहावं. बटणांची जागा मात्र स्वतःच्या रेकॉर्डिंगमधल्या ठिपक्यांवरून ठरवावी, आणि फोन किंवा कव्हर बदललं की ते रेकॉर्डिंग नव्याने करावं.