फाटकाचा खांब

शेताच्या कुंपणाला शंभर खांब असले तरी सगळ्यांत आधी मान टाकतो तो फाटकाचा. तारेचे खांब एकमेकांना धरून असतात. फाटकाच्या खांबाला मात्र एका बाजूने दहा फुटांचं लोखंड रात्रंदिवस ओढत असतं. पहिला पावसाळा संपता संपता फाटकाचं टोक जमिनीला घासायला लागतं, मग कुणीतरी ते उचलून उघडतं, वर्षभराने फाटकाखाली दगड येतो. अशा वेळी लोक बिजागरीला दोष देतात किंवा सिमेंट कमी पडलं म्हणतात. बहुतेक वेळा चूक असते खड्ड्यात.

ट्रॅक्टर-ट्रॉली जाईल असं दहा फुटांचं लोखंडी फाटक घेऊ. वजन धरू ६० किलो. हे वजन फाटकाच्या मध्यावर, म्हणजे खांबापासून पाच फुटांवर पडतं असं समजायला हरकत नाही. दोन बिजागऱ्यांमध्ये चार फुटांचं अंतर असेल, तर वरची बिजागरी खांबाला ७५ किलोंच्या जोराने स्वतःकडे ओढते आणि खालची तेवढ्याच जोराने खांबाला पलीकडे रेटते. साठाला पाचाने गुणा आणि चाराने भागा, एवढाच हिशोब. त्यात पोरं फाटकावर बसून झोका घेतात, ते वेगळं. शिवाय फाटक बंद असताना ओढ रस्त्याच्या बाजूला असते आणि उघडलं की ती काटकोनात वळते. त्यामुळे एकाच बाजूला टेका देऊन हा प्रश्न सुटत नाही.

ही ओढ शेवटी पेलते ती खड्ड्याभोवतीची न हललेली माती. काँक्रीटचं काम एवढंच, की बारीक पाइपाला जाड करून जास्त मातीवर टेकवायचं. खांब झुकू पाहतो तेव्हा वरच्या भागात तो एका बाजूची माती दाबतो आणि तळाशी विरुद्ध बाजूची. हे दोन दाब एकमेकांपासून जितके लांब, तितकी पकड घट्ट. म्हणून खड्डा रुंद करण्यापेक्षा खोल करण्यात फायदा जास्त. रुंदी दीडपट केली तर पकड साधारण दीडपट वाढते. खोली दीडपट केली तर दुपटीच्या वर जाते. तारेच्या साध्या खांबाला एकूण लांबीचा चौथा ते तिसरा हिस्सा जमिनीत पुरेसा होतो, पण फाटकाच्या खांबाला तिसऱ्या हिश्शाच्याही पुढे जावं. जमिनीवर साडेपाच फूट हवा असेल, तर नऊ फुटांचा चार इंची पाइप घ्या आणि साडेतीन फूट आत जाऊ द्या. खड्डा पावणेचार फूट खोल हवा, कारण पाइपाच्या बुडाखाली तीन इंच काँक्रीट आलं पाहिजे. लोखंडाचं टोक उघड्या ओल्या मातीत टेकलं की तिथूनच गंज वर चढतो. रुंदी दीड फूट ठेवा. पाइपाच्या बुडाशी दोन आडव्या सळया वेल्ड करून घेतल्या, तर पाइप काँक्रीटमध्ये फिरत नाही आणि उपसूनही येत नाही.

आता मातीचा विचार. मुरमाड जमिनीत खड्डा खणताना पहार वाजते, अंग मोडून येतं, पण एकदा बसलेला खांब तिथे जागचा हलत नाही. खरी परीक्षा मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या काळ्या कसदार रानात होते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगताना ती खांबाला वर उचलते आणि आकसताना त्याच्या अंगापासून सुटून बाजूला होते. दोन फुटांवर मुरूम लागत असेल, तर खड्ड्याचा खालचा निम्मा भाग मुरमात गेलाच पाहिजे. फुगणाऱ्या थराच्या खाली पाय रोवला की वरच्या मातीला काय करायचं ते करू दे.

मुरूम खोल असेल, तर खड्ड्याच्या तळाचे शेवटचे आठ-नऊ इंच चहूबाजूंनी कोरून रुंद करायचे. काँक्रीटचा खालचा भाग मग हंड्यासारखा फुगीर होतो आणि माती फुगून वर ढकलायला लागली तरी तो अडकून राहतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीतल्या घरांच्या पायासाठी तळाशी फुगवटा असलेले खांब विकसित केले, त्यामागे हाच विचार होता. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. टिकावाने खणलेला खड्डा तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळता होतो, आणि काँक्रीट वर छत्रीसारखं पसरतं. त्या छत्रीला खालून फुगणारी माती धरते आणि दर पावसाळ्यात खांब थोडा थोडा उपसते. म्हणून बाजू सरळ ठेवा, तोंड रुंद झालंच असेल तर तिथे पत्र्याचं किंवा प्लायचं गोल कडं लावून काँक्रीट आवरा.

खड्ड्याच्या तळाला खडी टाकायचा सल्ला बरेच जण देतात. मुरमात तो ठीक आहे, पाणी खडीतून खाली निघून जातं. काळ्या मातीत मात्र मी तो मुळीच मानत नाही. तिथे पाण्याला जायला वाटच नसते, त्यामुळे खडीचा थर म्हणजे खांबाच्या बुडाशी बांधलेली छोटी विहीर ठरते.

एवढ्या खड्ड्याला तळाच्या फुगवट्यासकट साधारण सात घनफूट काँक्रीट लागतं. एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी हे प्रमाण पुरतं. त्या हिशोबाने सव्वा गोणी सिमेंट लागेल. पाणी गोणीला पंचवीस लिटरच्या आसपास, म्हणजे इथे सुमारे तीस लिटर, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. फावड्याने उचललेला माल ढिगाऱ्यासारखा उभा राहिला पाहिजे, पातळ होऊन वाहता कामा नये. गवंड्याला पातळ माल आवडतो, कारण तो आपोआप खाली जातो, पण जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे छिद्रं ठेवतं. त्याहून वाईट म्हणजे खड्ड्यात दगडगोटे भरून, वर कोरडा माल टाकून दोन बादल्या पाणी ओतायचं. वरून ते काँक्रीटच दिसतं. आत पाण्याने न भिजलेली सिमेंटची पूड तशीच राहते. एप्रिल-मेमध्ये काम असेल तर माल टाकण्यापूर्वी खड्ड्याच्या भिंतींवर पाणी शिंपडा, नाहीतर तापलेली माती काँक्रीटमधलं पाणी शोषून घेते. तळाला पाणी साचलेलं मात्र नको.

बिजागऱ्या आधीच वेल्ड करून घ्या. मग पाइप खड्ड्यात उभा करा आणि ओळंबा काढा. गवंड्याच्या ओळंब्याचा लाकडी गट्टू आणि खालचं वजन सारख्याच रुंदीचे असतात. गट्टू पाइपाला वर टेकवा, दोरी सोडा आणि वजन स्थिर होऊ द्या. वजन पाइपाला जेमतेम शिवलं तर त्या दिशेने खांब सरळ आहे. वजन आणि पाइप यांच्यात फट दिसली, तर खांबाचा शेंडा तुमच्याकडे झुकलाय. वजन पाइपावर रेलून बसलं आणि दोरी मोडल्यासारखी दिसली, तर शेंडा पलीकडे गेलाय. हीच तपासणी काटकोनात फिरून दुसऱ्या बाजूने करायची. एका बाजूने पाहून समाधान मानणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे, कारण कुंपणाच्या रेषेत उभा दिसणारा खांब शेताच्या बाजूला कललेला असू शकतो. दोन्ही बाजूंनी जमलं की दोन तिरके वासे खांबाला बांधून खुंट्यांना ताणून ठेवा.

ओळंबा पुन्हा लागतो. निम्मा माल पडल्यावर, कारण सळईने ठासताना पाइप सरकतो, आणि पूर्ण भरल्यावर. ठासणं टाळू नका, आडव्या सळयांच्या खाली हवा अडकते. शेवटची तपासणी भरल्यानंतर वीस मिनिटांच्या आत उरका. पुढे सिमेंट घट्ट व्हायला लागतं आणि तासाभराने ‘जरा इकडे ढकल’ म्हणून खांब हलवला, तर पाइप आणि काँक्रीट यांच्यात केसाएवढी फट राहते. ती परत कधीच भरत नाही आणि पावसाचं पाणी तिथूनच आत शिरतं. काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन इंच वर घ्या आणि थापीने बाहेरच्या बाजूला उतार द्या.

दुसऱ्या दिवशी काँक्रीटवर बूट आपटला तर टणक वाजतं, आणि इथेच घाई होते. टणक होणं वेगळं आणि ताकद येणं वेगळं. दुकानात आज बहुतेक राखमिश्रित पीपीसी सिमेंट मिळतं, ते सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओलं ठेवायला सांगतं. मिश्र सिमेंटसाठी हा काळ चौदा दिवसांपर्यंत वाढवावा अशी शिफारसही त्यात आहे. जमिनीतल्या भागाला मातीची ओल मिळते, उघड्या माथ्यावर गोणपाट टाकून ते दिवसातून दोन-तीनदा भिजवा. वासे दोन दिवस तरी सोडू नका. फाटक चौदा दिवसांनी चढवा. गुरं आत येतात म्हणून अडलंच, तर तोवर तिथे बांबूची आडकाठी लावा.

एवढं करूनही पुढे फाटक घासायला लागलं, तर खोदाखोद करण्याआधी पुन्हा ओळंबा घ्या. खांब एक अंशाने झुकला तर दहा फुटांच्या फाटकाचं टोक दोन इंच खाली येतं, म्हणून डोळ्याला सरळ वाटणारा खांबही दोषी असू शकतो. खांब ओळंब्यात असेल तर बिजागरी झिजलीय किंवा फाटकाची चौकट लवलीय. झुकला असेल तर बुडाशी बसून कुणाला तरी फाटक हलवायला सांगा. पाइपाभोवती काँक्रीट फाटलेलं दिसलं आणि पाइप एकटाच हलत असेल, तर माल कच्चा होता किंवा खांब लवकर हलवला गेला. काँक्रीटचा अख्खा गठ्ठा पाइपासकट मातीत हलत असेल, तर माल चांगला आहे आणि खड्डा उथळ पडलाय. तिथे वरून आणखी सिमेंट ओतण्यात पैसे घालवू नका. उन्हाळ्याने गठ्ठ्याभोवती नुसती भेग पडली असेल, तर ती पाऊस येण्याआधी बारीक मुरमाने थराथराने ठासून भरा. काळी माती त्या भेगेत परत लोटू नका, पहिल्या पावसात तीच फुगून खांबाला रेटेल.